हमीपत्रावर लालसूचं नाव

कागदात चूक सापडली की नानाजीचा चेहरा असा खुलायचा, की पाहणाऱ्याला वाटावं याच्या घरी पोरगं झालं. सावली गावचा माणूस, मॅट्रिक पास, इंग्रजी वाचणारा. एटापल्लीच्या पुढं, बांडिया नदीपल्याड, मरकाटोल्याच्या जंगल कामगार संस्थेचा सचिव होऊन आला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. टोल्यातले, म्हणजे त्या पाड्यातले, लोक त्याला ‘बाबू’ म्हणत. बाबू शिस्तीचा होता, मेहनती होता, आणि बाबूला स्वतःच्या हुशारीचा थोडा गर्वही होता. थोडा कसला, चांगला पायलीभर होता. उगाच कशाला झाकायचं?

एकोणसाठचा उन्हाळा. ठेकेदाराला जंगल लिलावात देण्याऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यावं, असं सरकारनं ठरवलं आणि मरकाटोल्याच्या वाट्याला सागवानाचा एक तुकडा आला. अख्खा हिवाळा घराघरांतली माणसं कुऱ्हाड घेऊन रानात होती. बायांनी फांद्या छाटल्या, गड्यांनी बैल जुंपून लाकूड ओढत डेपोवर आणलं. मजुरी मिळाली ती अर्धी. उरलेली अर्धी माल विकल्यावर, असं ठरलेलं. म्हणजे त्या डेपोवर सागवान पडलेलं नव्हतं बापा, टोल्याचं वर्षाचं धान्य, मीठ, लुगडी, सारं तिथं उन्हात पडलेलं होतं. आणि नदीवर पूल नाही. मिरग लागला, नदी भरली, की गाड्या बंद. मग लाकूड इथंच, वाळवीच्या पोटात.

गिऱ्हाईक लागलं होतं चांद्याचं. गोवर्धन सेठ. सेठ चौथा हिस्सा रोख देणार होता. बाकीचे अठरा हजार दोन हप्त्यांत: पहिला मे अखेर, दुसरा जून अखेर. माल मात्र आधी उचलणार. मग भरवसा काय? म्हणून करारात नानाजीनं घालून घेतलं होतं की सेठनं बँकेचं हमीपत्र आणून द्यायचं. सेठनं नाही दिले, तर बँक देईल. हमीपत्र तपासून पसंत पडेपर्यंत डेपोवरून काटकीसुद्धा हलणार नाही.

ते हमीपत्र घेऊन सेठचा मुनीम लटारू एप्रिलच्या शेवटी आला. एकटा नाही आला, मागं रिकाम्या ट्रकांची रांगच घेऊन आला. गाड्यांचा आवाज ऐकून अख्खा टोला डेपोवर जमला. पोरं टायरांना हात लावून पाहू लागली. संस्थेचा अध्यक्ष लालसू, टोल्याचा गायता म्हणजे गावाचा मुख्य, तोही काठी टेकत येऊन बसला. आज लाकूड उचलणार, म्हणजे आज चौथा हिस्सा रोख मिळणार. बायांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

“घ्या बाबू, तुमची हमी,” लटारू म्हणाला. “एकदाची घ्या न् गाड्या भरू द्या. डिरायवर लोक उपाशी हायत.”

“थांब ना बे. वाचल्याबिगर भरू देऊ? मी का जनावर हाव?” नानाजी म्हणाला आणि मोहाच्या झाडाच्या सावलीत एका लठ्ठ ओंडक्यावर ऐटीत बसला. स्टॅम्पाचा कागद, त्यावर इंग्रजीत टाइप केलेलं, खाली बँकेच्या एजंटची, म्हणजे शाखाप्रमुखाची, सही आणि शिक्का.

आधी रक्कम पाहिली. आकड्यात अठरा हजार, अक्षरात अठरा हजार. दोन्ही जुळतात. करारातल्या बाकीशीही जुळते. लेखी मागणी येताच बँक पैसे देईल, हेही होतं. ठीक.

मग तारीख. हमी कधीपर्यंत चालू? तीस जून. नानाजीनं भुवई उचलली आणि त्याला आतून गुदगुल्या झाल्या. सापडली!

“लटारू, इकडं ये. सेठचा शेवटचा हप्ता कधी?”

“तीस जूनले.”

“हमी कधी संपते?”

“तीस जूनले. बरोबर तं हाय. दोन्ही एकाच दिवशी.”

“बरोबर काय, कपाळ! सेठनं पैसे बुडवले हे मले कधी समजंन? तीस जून सरल्यावर. एक जुलैले. आनि एक जुलैले तुझी हमी मेलेली राहीन. मेलेल्या हमीले घेऊन मी का बँकेत रडाले जाऊ?”

टोल्यातले लोक हसले. त्यांना अर्धंच कळलं, पण बाबू मुनिमाला झाडतो आहे हे पूर्ण कळलं. लटारूही हसला. पगारी माणूस, त्याचं काय जातं?

“पुढं लिहून हाय ना बाबू, संपल्यावरही एक महिना मागणी करता येईन म्हनून.”

“आहे. एकतीस जुलैपर्यंत. मागणी लेखी पाहिजे, आनि त्या तारखेच्या आत चांद्याच्या शाखेत पोचली पाहिजे. तू सांग, जुलैत बांडिया पार करून चांद्याले कोण जाते? पोस्टमन जाते? तुझा सेठ येते आमाले घ्याले?” नानाजी आता रंगात आला होता. “अन् त्या महिन्यातही बँक म्हणू शकते का हमी चालू होती तेव्हा सेठ चुकलाच नव्हता, चुकला तो नंतर. नाई चालत. हमी ऑगस्ट अखेरपर्यंत चालू पाहिजे आनि मागणी करायले डिसेंबर अखेरपर्यंत मुदत पाहिजे. नदी उतरली का आमी येऊ निवांत.”

लटारूनं टोपी काढून डोकं खाजवलं. जास्त मुदत म्हणजे बँकेचं जास्त कमिशन. सेठ त्यासाठीच काटकसर करून बसला होता. त्यात काही लबाडी नव्हती, नुसता चिक्कूपणा होता.

“तारखा काय, दुरुस्त करून आणू,” तो म्हणाला. “पण आज भरू तं द्या. मी सेठच्या नावानं चिठ्ठी लिहून देतो.”

“चिठ्ठीवर लाकूड? वा रे वा!”

आता उरलं होतं फक्त नाव. हमी कोणाच्या लाभासाठी दिली, ते नाव. नानाजी ते नेहमी शेवटी पाही, कारण नावात काय चुकणार? फार तर ‘मर्यादित’ लिहायचं राहिलं असेल. तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला, बोट ठेवून वाचू लागला, आणि बोट तिथंच थांबलं.

संस्थेचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं: लालसू, राहणार मरकाटोला, यांना.

नानाजीला वाटलं आपण चुकीचं वाचतो आहोत. त्यानं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. खालीही तेच. ‘सदर लालसू यांस येणं असलेली रक्कम.’ अध्यक्ष नाही, संस्था नाही, काही नाही. नुसता लालसू. अठरा हजार रुपये!

“हे नाव कोणं सांगितलं?” त्यानं लटारूला विचारलं.

“कोन म्हंजे?” लटारू सहज म्हणाला. “लालसूनंच. होळीच्या वक्ती चांद्याले आला होता ना, सेठच्या गादीवर. म्हने, बँकेच्या कागदावर माझं नाव लिवा. सेठ म्हने, आपल्याले काय, त्यांचाच अध्यक्ष हाय. दिलं लिहून.”

नानाजीनं मान वळवून पाहिलं. लालसू तिथंच बसला होता, काठीवर हनुवटी टेकून. त्यानं नजर चुकवली नाही.

आता खरं सांगायचं तर इथं माणसानं घोटभर पाणी प्यावं. पण नानाजी? त्याच्या अंगात संताप चढला होता. ज्या माणसाच्या घरी तो आंबील प्यायला होता, ज्याच्या शब्दावर अख्खा टोला हिवाळाभर अर्ध्या मजुरीवर राबला, तो माणूस गुपचूप चांद्याला जाऊन सगळ्यांचे पैसे आपल्या नावावर करून आला? नानाजीनं कागद मुठीत धरला. तो उभा राहिला.

“लालसूभाऊ, हे तुमी केलं?”

“केलं,” लालसू म्हणाला.

“काऊन?”

“गावाचं सारं माझ्याच नावानं राह्यते, बाबू. पयल्यापासून.”

“गावाचं? हे गावाचं नाई, संस्थेचं आहे! हिवाळाभर लोकायनं घाम गाळला, अन् पैसे तुमच्या एकट्याच्या नावावर? याले आमच्याकडे चोरी म्हनतेत, भाऊ. चोरी!”

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. ट्रकवाले ऐकत होते, मुनीम ऐकत होता, बायापोरं ऐकत होती. मराठी न येणाऱ्यांना शेजाऱ्यानं गोंडीत हळूच सांगितलं, आणि जसजसं सांगितलं गेलं तसतशी जागेवरची कुजबूज थांबत गेली. लालसू काठी टेकून उठला. म्हातारी बुधरी, टोल्यातली सगळ्यात वडील बाई, काही बोलायला पुढं झाली तेव्हा त्यानं तिला हातानं थांबवलं. मग तो टोल्याच्या वाटेला लागला. त्याच्यामागून एकेक करून सगळेच गेले.

“घ्या,” लटारू म्हणाला. “आता?”

“आता गाड्या रिकाम्या जातील,” नानाजी म्हणाला. “अन् मीही येतो. कागद मीच दुरुस्त करून आणतो.”

चांद्याची वाट लांब. आलापल्लीपर्यंत ट्रकच्या धुळीत, तिथून प्रवासी मोटरीनं. पहिला अर्धा रस्ता नानाजी मनातल्या मनात लालसूला शिव्या घालत होता. किती हुशार समजावा हा माणूस! आणि पुन्हा किती मूर्ख! कारण त्या कागदावर लालसूलाही दमडी मिळाली नसती. करार झाला सेठचा आणि संस्थेचा. लालसूचं सेठकडं येणं ते काय? शून्य. बँकेनं सरळ सांगितलं असतं, बाबांनो, या लालसूचं काही येणं नाही म्हणून आम्ही त्याला देत नाही. आणि ज्या संस्थेचं येणं आहे तिला आम्ही काही लिहूनच दिलेलं नाही. दोन्ही हात रिकामे. चोरी करायची तर धड करावी तरी.

इथं त्याचं मन अडखळलं. चोराला एवढंही कळू नये?

मग त्याला एकेक आठवू लागलं. टोल्याची धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, साऱ्या घरांची, पण सरकारी पावती लालसूच्या नावावर, त्याआधी त्याच्या बापाच्या. देवाचं रान लालसूच्या नावावर. गावाची बंदूक लालसूच्या नावावर, ती घेऊन डुकरं हाकायला मात्र कोणीही जातो. गेल्या वर्षी तहसिलातून बियाण्याची पोती आली, तीही लालसूच्या नावावर आली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांत मापून गेली. लालसूच्या अंगणात एक पोतं जास्त दिसलं नव्हतं. इथं ‘लालसू’ म्हटलं की गाव, आणि गाव म्हटलं की लालसू. गायत्याच्या नावावर ठेवायचं ते जपायला. त्याला चोरी म्हणावी हे या लोकांच्या स्वप्नात नसणार.

“अरे देवा,” नानाजी मोटरीत मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या माणसानं विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाला. कागद चुकीचा होता, ते खरंच. माणूस चुकीचा नव्हता. आणि आपण कागदासाठी माणसाला चारचौघांत चोर म्हणून मोकळे झालो.

बँकेत एजंट साहेबांनी कागद पाहिला, नाव बदलायला एका शब्दानं हरकत घेतली नाही. “आम्ही अर्जात असेल ते लिहितो,” ते म्हणाले. “अर्ज सेठजींचा. चूक तुम्ही पकडली ते बरं केलं.” तारखांवर मात्र कुरकुरले. “हप्ता जूनचा आणि मागणी डिसेंबरपर्यंत? एवढी मुदत कशाला लागते तुम्हाला?”

“साहेब, पावसाळ्यात आमच्याकडून पत्र निघत नाई, मानूसही निघत नाई. तुमी एकदा जुलैत येऊन पाहा.”

साहेबांना जुलैत यायची हौस नव्हती. सेठनं वाढीव कमिशन तोंड वाकडं करून भरलं. त्यालाही लाकूड पावसाआधी हवंच होतं. जुनं हमीपत्र रद्द झालं, नवीन स्टॅम्पावर नवीन टाइप झालं. नानाजीनं शब्द न् शब्द वाचला. रक्कम अठरा हजार. हमी एकतीस ऑगस्टपर्यंत चालू. मागणी एकतीस डिसेंबरपर्यंत. लाभ कोणाला, तर मरकाटोला जंगल कामगार सहकारी संस्था मर्यादित, करारात जसं नाव आहे तसंच, एकही अक्षर न चुकता. एवढा निर्दोष कागद त्यानं जन्मात पाहिला नव्हता. एरवी त्याला अशा वेळी चहासोबत भजी खावीशी वाटत. त्या दिवशी त्यानं कागद खिशात घातला आणि सरळ परतीची वाट धरली.

तो परत आला तेव्हा मे लागून बरेच दिवस झाले होते आणि मागं पुन्हा ट्रकांची रांग होती. डेपोवर चिटपाखरू नव्हतं. पोरंसुद्धा टायर पाहायला आली नाहीत. सागवानाचे ओंडके उन्हात तडकत पडले होते.

“हमाल कुठी हायत?” लटारूनं विचारलं.

“येतील,” नानाजी म्हणाला. त्यानं डेपोवरची घंटा वाजवली. हाका मारल्या. कोणी आलं नाही. ऊन डोक्यावर आलं, कलतं झालं. नैर्ऋत्येला ढगाचा एक काळा पट्टा दिसत होता आणि ट्रकवाले तिकडं बोट दाखवून आपसात बोलत होते. कागदात एक चूक उरली नव्हती, आणि लाकूड उचलायला एक माणूस नव्हता. हे काय होऊन बसलं, त्याला समजेना. आपण एकाला बोललो होतो. सारा टोला का बसून राहिला?

शेवटी तो एकटाच टोल्यात गेला. लालसू अंगणात बसून दोरी वळत होता. नानाजी त्याच्यासमोर जमिनीवरच बसला.

“लालसूभाऊ, माझं चुकलं. मी तुमाले बोलाले नको होतं. मले माफी द्या.”

लालसूनं दोरीला पीळ भरला. तो रागावलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता.

“मले काऊन म्हनतेस, बाबू?” तो म्हणाला. “कागदावरून माझं एकट्याचं नाव तं तूच काढलं. आता जे म्हनाचं ते साऱ्यायले म्हन.”

“म्हणतो. साऱ्यायसमोर म्हणतो. फक्त त्यायले डेपोवर बोलवा. ढग आले आहेत भाऊ, लाकूड अडकलं तं तुमचीच मजुरी बुडते.”

“बोलावतो,” लालसू म्हणाला. “पन बाबू, तू माफी मागून मोकळा हो. जास्त इचारू नको.”

नानाजीला त्याचा अर्थ लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं का, कोण जाणे.

लोक आले. बायकाही आल्या. ट्रकांच्या सावलीला बसले. नानाजी मधे उभा राहिला, टोपी काढली, आणि बोलला. धड बोलला, हेही सांगायला हवं. त्या माणसात गर्व होता पण कोतेपणा नव्हता. “लालसूभाऊ चोर नाई. गावाचं सारं गायत्याच्या नावावर राह्यते, ते मले ठाऊक असून मी इसरलो. त्यायनं आपल्या रीतीनं केलं. मी सर्वायसमोर चोर म्हटलं, आता सर्वायसमोर माफी मागतो.”

लालसूचा पोरगा सुकलू त्याचं गोंडीत करून सांगत होता. सांगून झालं. सगळे बुधरीकडं पाहत होते.

बुधरी उठली. लालसूनं पुन्हा हात वर केला, पण या वेळी म्हातारी थांबली नाही.

“तुले माईत नाई, बाबू,” ती म्हणाली. “लालसू नाई म्हनत होता. माझं नाव नको म्हनत होता. आमी त्याले म्हटलं. होळीच्या आधी तू चांद्याले गेला होतास तवा, आमी साऱ्यायनं बसून म्हटलं. जा न् तुझं नाव लिवून ये म्हनलं. तू त्याले चोर म्हटलं तं आमाले साऱ्यायले म्हटलं.”

नानाजी दोन पावलं पुढं आला. “तुमी? पण काऊन? संस्था तुमचीच आहे ना, आई! संस्थेचं नाव म्हंजे तुमच्या साऱ्यायचं नाव.”

“हो? संस्था कोन हाय, सांग बरं?” बुधरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लहान पोराला विचारावं तसं विचारत होती. “शिक्का तुझ्या पेटीत. चावी तुझ्या कमरेले. कागद तुलेच वाचता येते. संस्थेचं नाव म्हंजे तुझं नाव, बाबू. आमी तुझ्या नावावर पैसे ठेवत नवतो. तू वाईट हायस असं कोनी म्हटलं नाई. पन तू सावलीचा. उद्या बदली झाली, गेलास, तं?”

नानाजीच्या डोक्यात घण पडला. चोर म्हणून बोट त्यानं दाखवलं होतं, आणि भीती त्याचीच होती! त्याचीच! ज्या कागदावर तो थयथय नाचला, तो कागद या लोकांनी त्याच्यापासून जपायला करून घेतला होता. आणि लालसू त्या दिवशी ‘चोर’ शब्द गिळून गप्प उठून गेला, तो बाबूला हे ऐकावं लागू नये म्हणून. नानाजीनं त्याच्याकडं पाहिलं. लालसू जमिनीकडं पाहत होता.

“असं कसं म्हणता?” नानाजी चाचरत म्हणाला. “मी एकटा पैसे काढू शकत नाई. बँकेच्या चिठ्ठीवर माझी सही पाहिजे आनि अध्यक्षाचा अंगठाही पाहिजे. लालसूभाऊचा अंगठा असल्याबिगर...”

तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात कमरेच्या चावीवर गेला.

“हो,” बुधरी म्हणाली. “तेच. अंगठे तं तू घेऊन ठेवले ना, दिवाळीच्या वक्ती. ते कागद इथं आन.”

घेतले होते. अगदी खरं होतं. प्रत्येक वेळी अंगठ्यासाठी लालसूला चांद्यापर्यंत कोण नेणार, म्हणून बँकेच्या पैसे काढायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर त्यानं एकाच बैठकीत अंगठे उठवून घेतले होते. सोयीसाठी. पापाचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता, देवाशपथ. सगळ्याच संस्थांतले सचिव असंच करत. त्यानंतर त्याला त्याचं काही वाटलंच नव्हतं. बँकेच्या कागदावरची तारीख एका दिवसानं चुकली तर रान उठवणारा हा माणूस!

तो डेपोशेजारच्या आपल्या झोपडीत गेला. कमरेची चावी काढून पेटी उघडली. चिठ्ठ्या घेऊन तो बाहेर आला आणि त्या लालसूपुढं धरल्या. लालसूनं त्या हातात घेतल्या नाहीत. त्या बुधरीनं घेतल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या. लालसूच्या अंगठ्याचा जांभळा ठसा तिला ओळखू आला. बाकीचं कळायला ती काय शिकली होती?

“वाचून दाखव,” तिनं एक चिठ्ठी त्याच्या हातात दिली. “तू तं सारं वाचतेस. कोनाले द्याचे, लिवलं हाय का?”

“नाई,” नानाजी म्हणाला.

“किती?”

“नाई लिवलं.”

“कोन्या तारखेले?”

“तारीख नाई.” त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली. “काईच लिवलं नाई, आई. कोरा कागद आहे.”

तिनं दुसरी दिली. “हा?”

“हाही कोरा.”

सुकलू त्याचं गोंडीत करायचा थांबला होता; गरज राहिली नव्हती. म्हातारी एकामागून एक चिठ्ठी देत गेली आणि नानाजी प्रत्येक वेळी तेच सांगत गेला. शेवटची चिठ्ठी वाचताना नानाजीचे डोळे भरून आले आणि त्याला ती धड दिसेनाही. पण दिसण्यासारखं तीत काही नव्हतंच.

“पुरे कर, बुधरी,” लालसू उठत म्हणाला. त्यानं आकाशाकडं पाहिलं, मग नानाजीच्या खांद्यावर हात ठेवला. “फाड ते, बाबू. आनि पुढच्या टायमाले मले चांद्याले घेऊन जात जा.”

मग त्यानं धोतर खोचलं आणि पहिल्या ओंडक्याला हात घातला.